आमरसाच्या काही बाटल्या श्रावणात का फुगतात? हापूसचा रस वर्षभर ठेवून विकण्याविषयी

राजापूरचा_बागायतदार

आमची हापूसची बाग आहे. चांगला, डाग नसलेला आंबा पेटीत भरून वाशीला जातो आणि लहान किंवा डागी फळ मे महिन्यात कॅनिंगवाल्यांना किलोवर द्यावे लागते. गेल्या हंगामात तो दर तीस रुपयांच्या आसपास मिळाला. त्या भावात फळ देण्यापेक्षा घरीच रस काढून बाटल्यांत भरावा आणि तो गणपती, दिवाळी, पुढे फाल्गुनापर्यंत थोडा थोडा विकावा, असा उद्योग आम्ही घरातली माणसे करत आहोत.

आमची पद्धत अशी आहे. पिकलेला आंबा धुऊन, देठाकडचा भाग काढून, सोलून पल्परमधून काढतो. साधारण पंचवीस किलो रस एका मोठ्या स्टीलच्या टोपात घेऊन मोठ्या शेगडीवर सतत ढवळत चांगला तापवतो. बुडबुडे येऊन रस अंगावर उडू लागला की टोप खाली उतरवतो आणि अर्ध्या किलोच्या काचेच्या बाटल्यांत भरून सोनेरी पत्र्याची फिरकीची झाकणे घट्ट लावतो. बाटल्या आदल्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेल्या असतात. साखर किंवा इतर काहीही घालत नाही.

आषाढापर्यंत सगळे ठीक असते. श्रावणात मात्र शेकडा सात-आठ बाटल्यांची झाकणे वर येतात. उघडल्यावर फसफस होते आणि ताडीसारखा वास येतो. गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच टोपातून भरलेल्या बाकीच्या बाटल्या पुढच्या होळीपर्यंत उत्तम राहतात. रस एकच असताना काही बाटल्याच का बिघडाव्यात? मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक परिरक्षक नसलेलाच रस मागते, त्यामुळे औषध घालण्याची माझी इच्छा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुधीर_खेड

यावर सोपा उपाय आहे. एक किलो रसाला एक ग्रॅम केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, कोमट पाण्यात विरघळवून घालावे. मग तापवण्याचीही फारशी गरज राहत नाही आणि रंगही पिवळाधमक राहतो. आमच्याकडे आंब्याचे स्क्वॅश वर्षानुवर्षे याच पद्धतीने होते आणि आजवर एकही बाटली फुगलेली नाही. नैसर्गिक म्हणून विकायचे आणि गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये झाकण उडवायचे, यापेक्षा चिमूटभर औषध बरे.

नलिनी_गुहागर

आमच्याकडे आंबा पोळीच होते. ताटाला तुपाचा हात लावून रस पातळ पसरवायचा, वाळला की त्यावर दुसरा थर द्यायचा, असे करत बोटभर जाडी आणायची. ती फुगण्याचा प्रश्न येत नाही, पण भाद्रपदात पोळी चिकट होते, तिला पाणी सुटल्यासारखे होते आणि दिवाळीपर्यंत रंग तपकिरी पडतो. रसाच्या बाटल्यांना आपण जो उपाय सांगाल तोच पोळीलाही चालेल का, तेही लिहावे.

दापोलीचा_विद्यार्थी

मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकलो आणि नंतर बरीच वर्षे रत्नागिरी परिसरातल्या एका कॅनिंग कारखान्यात उत्पादनाचे काम पाहिले. उत्तर देण्याआधी बागायतदारांना चार प्रश्न विचारतो, कारण आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे असे मला वाटते.

पहिला प्रश्न, टोप खाली उतरवल्यापासून शेवटची बाटली भरेपर्यंत किती वेळ जातो? दुसरा, भरताना बाटल्या गरम असतात की गार? तिसरा, झाकण लावल्यावर बाटली पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवता का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फुगलेल्या बाटल्या एकाच क्रेटमध्ये सापडतात की सगळीकडे विखुरलेल्या असतात?

सुधीरराव, आपल्या उपायाविषयीही लिहितो, पण आधी हे कळू दे.

राजापूरचा_बागायतदार

आपण विचारल्यावर आठवले. आम्ही बाटल्या भरतील तशा क्रेटमध्ये लावतो आणि क्रेट त्याच क्रमाने फळीवर चढवतो. फुगलेल्या बाटल्या बहुतेक वरच्या, म्हणजे शेवटी भरलेल्या क्रेटमधल्या होत्या. खालच्या क्रेटमधली एखादीच बिघडली आणि तिच्या झाकणाच्या कडेला पोचा होता.

एका टोपातून पन्नासएक बाटल्या भरतात. एक माणूस मगाने ओततो, दुसरा झाकण लावतो. साधारण पंचवीस मिनिटे जात असावीत, मध्येच कोणी आले-गेले तर थोडी जास्त. बाटल्या गारच असतात. भरल्यावर पुन्हा उकळत नाही, कारण रस आधीच उकळलेला असतो.

दापोलीचा_विद्यार्थी

मग दोष बराचसा उघड झाला. टोप उतरवताना रस ९० अंशांच्या आसपास असतो. पहिल्या दहा बाटल्यांत पडणारा रस इतका गरम असतो की तो बाटलीचा आतला भाग आणि झाकणाची आतली बाजू, दोन्ही स्वतःच्या उष्णतेने निर्जंतुक करतो. खाली ठेवलेला टोप मात्र उघडा असतो आणि मोठ्या मगाने ढवळून ढवळून ओतताना तो झपाट्याने निवतो. चाळिसाव्या बाटलीपर्यंत आल्यावर रस सत्तर अंशांच्या जवळ आलेला असतो, आणि गार काचेला लागताच त्याचे आणखी काही अंश जातात. रसातले यीस्ट आधीच मेलेले असते हे खरे, पण काचेच्या मानेवर, झाकणाच्या रबरी पट्टीत आणि खोलीतल्या हवेत नवे असतेच. पिकलेल्या आंब्याचा ढीग असलेल्या खोलीत तर ते भरपूर असते. ते मारण्याइतकी धग त्या शेवटच्या बाटल्यांना मिळत नाही.

दुसरा परिणाम पोकळीचा आहे. कडक गरम रस भरलेली बाटली थंड होते तेव्हा आतली वाफ आणि रस आकसतो, आणि झाकणाचा मधला भाग खाली ओढला जातो. रात्री शांतता असेल तर त्या खोलीत झाकणे एकामागून एक ‘टक्’ असा आवाज करत खाली बसताना ऐकू येतात. सत्तर अंशांना भरलेल्या बाटलीत ही ओढ कमी असते, त्यामुळे झाकण सैल बसते आणि पावसाळी हवा हळूहळू आत शिरण्याची भीती राहते.

बिघाड श्रावणातच का दिसतो, याचेही कारण यातच आहे. सुरुवातीला यीस्टच्या पेशी फार थोड्या असतात आणि त्या वाढायला वेळ घेतात. त्यांनी तयार केलेला वायू आधी बाटलीतली पोकळी भरून काढतो. तोवर बाहेरून काहीच कळत नाही. पोकळी संपल्यावरच झाकण वर येते. म्हणजे बाटली बिघडते जून-जुलैमध्ये, आपल्याला दिसते ऑगस्टमध्ये.

यावर उपाय असा. बाटल्या भरण्याच्या वेळी कडक गरम पाण्यात असाव्यात आणि एकेक काढून लगेच भराव्यात, म्हणजे त्या तडकतही नाहीत. टोप मंद आचेवरच ठेवून भरावे आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर रसात सोडून रस ८५ अंशांखाली येऊ देऊ नये. झाकण लावून बाटली मिनिटभर आडवी किंवा उलटी धरावी, म्हणजे गरम रस झाकणाला आतून लागतो. त्यानंतर सगळ्या बाटल्या उकळत्या पाण्याच्या हंड्यात, तळाशी फडके किंवा जाळी घालून, अर्धा तास ठेवाव्यात. हा शेवटचा टप्पा आपल्याकडे नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा फरक करील. रस उकळणे वेगळे आणि बंद बाटली उकळणे वेगळे, कारण झाकणाच्या आत राहिलेले यीस्ट दुसऱ्या उकळीतच मरते.

हंड्यातून काढल्यावर बाटल्या आधी कोमट आणि मग साध्या पाण्यात घालून लवकर थंड कराव्यात. गरम बाटल्या एकावर एक रचून ठेवल्या तर ढिगाच्या मध्यावरच्या बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळीही ऊबदार असतात आणि त्यांचा रस तपकिरीकडे झुकतो. रंग गेल्याचा दोष मग लोक आंब्याला देतात.

सुधीर_खेड

आपले म्हणणे पटते, पण अर्धा तास पुन्हा उकळायचे म्हणजे गॅस आणि वेळ दोन्ही गेले. शिवाय इतक्या वेळा तापवल्यावर हापूसचा वास राहणार कसा? त्यापेक्षा थोडे केएमएस काय वाईट, हा माझा मुद्दा कायम आहे.

दापोलीचा_विद्यार्थी

सुधीरराव, स्क्वॅशच्या बाबतीत आपण बरोबर आहात, पण स्क्वॅश आणि रस यांची राखण वेगवेगळ्या गोष्टी करतात. स्क्वॅशमध्ये साखर भरपूर असते, सायट्रिक ॲसिड घातलेले असते आणि त्यावर केएमएस असते. तिन्ही मिळून काम करतात. नुसत्या गोड रसात फक्त केएमएस घालून तापवणे सोडले तर त्यातून सुटणारा गंधकाचा वायू हळूहळू उडतो, काही रसाशीच बांधला जातो, आणि दोन-तीन महिन्यांत उरलेला जोर यीस्टला पुरत नाही. किती घालायचे याला कायद्याची मर्यादा आहे, लेबलवर ते लिहावे लागते आणि काही माणसांना, विशेषतः दमेकऱ्यांना, गंधकाचा त्रास होतो. बागायतदारांच्या गिऱ्हाइकाला तर तेच नको आहे.

कोकमाच्या सिरपला मात्र कोणी केएमएस घालू नये, हे येथेच सांगून ठेवतो, कारण दरवर्षी कोणीतरी ते करतेच. कोकमाचा लाल रंग गंधकाने उडतो. गडद जांभळट सिरप काही तासांत गुलाबी-पिवळट पडते आणि मग लोक त्यात वरून रंग घालतात. कोकमाला परिरक्षक हवेच असेल तर सोडियम बेंझोएट किलोला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वापरतात, कारण कोकम अत्यंत आंबट असते आणि बेंझोएट आंबटातच काम करते. पण साखर पुरेशी असेल तर त्याचीही गरज सहसा पडत नाही.

वासाबद्दल आपले म्हणणे अर्धे खरे आहे. उघड्या टोपात जितका वेळ रस उकळत राहतो तितका वास वाफेबरोबर जातो. बंद बाटलीत तापवताना तो बाटलीतच राहतो. म्हणून टोपातला वेळ कमी करा आणि बाटलीतला वाढवा. रस ९० अंशांना पोचला की पुढे उकळत ठेवण्याची गरज नाही.

स्मिता_बचतगट

आमचा बारा जणींचा गट आहे आणि आम्ही रस, कोकम सिरप आणि थोडी पोळी करतो. वर आंबटपणाचा विषय आला नाही म्हणून लिहिते. आम्हाला प्रशिक्षणात हे बजावून सांगितले होते. हापूस जितका जास्त पिकतो तितका त्यातला आंबटपणा कमी होतो. मेअखेरचे, पाऊस पडण्याच्या बेतातले, मऊ झालेले फळ चवीला मध असते, पण बाटलीबंद करण्यासाठी तेच सर्वांत धोक्याचे असते. आंबटपणा, म्हणजे पीएच, मोजायच्या पट्ट्या मिळतात; पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त. आमचा नियम असा की रस भरण्यापूर्वी पीएच ४ च्या खाली असलाच पाहिजे. नसेल तर सायट्रिक ॲसिड थोडे थोडे घालून पुन्हा मोजतो. बहुधा किलोला तीन ते पाच ग्रॅम लागते, पण अंदाजाने घालत नाही.

बाटली फुगली तर निदान कळते तरी. आंबटपणा कमी असलेला, हवा नसलेला बंद रस हा विषारी जंतूंसाठीही सोयीचा असतो आणि तिथे बाटली दर वेळी फुगेलच असे नाही. पीएच ४.६ च्या वर गेला तर त्या जंतूंचे बीज वाढू शकते आणि नुसत्या उकळत्या पाण्याने ते मरत नाही. म्हणून आम्ही ४ वरच थांबतो, मधे अंतर राहावे म्हणून.

राजापूरचा_बागायतदार

स्मिताताई, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पण गिऱ्हाईक म्हणेल की रस आंबट लागतो. आधीच कोणी म्हणते की डब्यातला रस आंबट असतो म्हणून आम्ही तुमच्याकडून घेतो.

स्मिता_बचतगट

त्यावर आमच्याकडे दोन मते आहेत. काही जणी म्हणतात की रायवळ आंब्याचा रस मिसळावा. रायवळाला स्वतःचा आंबटपणा असतो आणि वासही जोरदार असतो, त्यामुळे सायट्रिक ॲसिडची धार येत नाही. मला स्वतःला ते आवडते, पण रायवळाचा रस पातळ व धागेदार असतो, प्रत्येक झाडाचा वेगळा असतो, आणि ‘हापूसचा रस’ असे लेबल लावल्यावर त्यात रायवळ घालणे मला बरोबर वाटत नाही. शिवाय मिसळूनही पीएच मोजावाच लागतो. दुसरे मत थोडी साखर घालून आंबटपणा झाकण्याचे आहे. त्यावर आमच्यात अजून एकमत नाही. गोड चव लागल्यामुळे तक्रारी कमी होतात, पण ‘बिनसाखरेचा’ म्हणणारे गिऱ्हाईक जाते.

दापोलीचा_विद्यार्थी

स्मिताताईंचे पीएचविषयीचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते आधीच लिहायला हवे होते असे वाटावे इतके महत्त्वाचे आहे. एक बारीक सूचना करतो. पट्टी जाडसर, गडद पिवळ्या रसात बुडवली तर तिचा रंग वाचणे कठीण जाते. चमचाभर रस गाळून त्याच्या पातळ पाण्यावर पट्टी लावावी. बऱ्याच बाटल्या भरणार असाल तर छोटा पीएच मीटर घ्यावा आणि तो मोजणीपूर्वी प्रमाण द्रावणात तपासून घ्यावा.

विलास_कुडाळ

एवढा व्याप करण्यापेक्षा डबे करून घ्या. आमच्याकडे देवगड-कुडाळ भागात लहान कारखाने आहेत. आंबा आपला न्यायचा, डब्यामागे ठरलेली मजुरी द्यायची, ते रस काढून ८५० ग्रॅमच्या डब्यात भरून, सीमिंग करून, उकळून देतात. मी दोन-तीन हंगाम तेच करतो. डबा फुटण्याची भीती नाही, पेट्यांवर पेट्या रचता येतात, आणि हॉटेलवाले डबाच मागतात.

अडचण एवढीच की एकदा दिल्यावर माझाच आंबा मला परत मिळाला की कोणाच्या तरी ढिगातला, हे मला कधीच नक्की सांगता आलेले नाही. मी हल्ली सकाळी पहिली पाळी मागून घेतो आणि पल्परपाशी उभा राहतो. दुसरे असे की घरगुती गिऱ्हाइकाला ८५० ग्रॅम एकदम उघडणे नको असते.

मधुकर_पुणे

मी राजापूरचाच, पण पुण्यात राहतो आणि गावचा रस येथे विकतो. मी सगळी भानगड सोडून रस न तापवता पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवतो. चव ताज्या रसासारखी राहते, ती तापवलेल्या रसात येत नाही, हे मान्य करावेच लागेल. वीज गेली तरी भरलेला फ्रीझर उघडला नाही तर बराच वेळ थंडी धरून ठेवतो.

तरीही बागायतदारांनी गावी हा मार्ग धरू नये असे मला वाटते. पावसाळ्यात तिकडे वीज दोन-दोन दिवस जाते. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला रस दिसायला तसाच असतो, पण वितळल्यावर पाणी आणि गर वेगळे होतात आणि वास बदललेला असतो. पाठवणीचाही खर्च आहे, कारण वाटेत गोठलेला ठेवावा लागतो. बाटली एसटीच्या पार्सलने पाठवता येते, गोठलेली पिशवी पाठवता येत नाही.

राजापूरचा_बागायतदार

सर्वांच्या सूचना वाचून हिशेब मांडून पाहिला. शंभर किलो आंबा कॅनिंगला दिला तर माझ्या हातात तीन हजार रुपये येतात. त्याच शंभर किलोतून आमच्या पल्परला साधारण अठ्ठेचाळीस किलो रस निघतो, म्हणजे अर्ध्या किलोच्या शहाण्णव बाटल्या. बाटली आणि झाकण मिळून वीस रुपये धरले तर एकोणीसशे वीस. गॅस, मजुरी, लेबल आणि इतर मिळून पंधराशे. आंब्याचे तीन हजार मिळवून सहा हजार चारशे वीस होतात आणि बाटलीचा खर्च सदुसष्ट रुपयांच्या आसपास बसतो. दुकानदार ती माझ्याकडून एकशे वीसला घेतो.

सात बाटल्या फुगल्या तर पावणेपाचशे रुपये जातात. हे आकड्यात फार दिसत नाही. पण दुकानातून परत आलेल्या एका फुगलेल्या बाटलीपायी त्या दुकानदाराने पुढचे दोन महिने मालच घेतला नाही, तो तोटा या हिशेबात कुठे येत नाही. अर्धा तास हंड्यात ठेवण्यासाठी बाटलीमागे गॅसचे दोन-तीन रुपये वाढले तरी चालतील, असे मला आता वाटू लागले आहे.

स्मिता_बचतगट

हिशेबात एक गोष्ट राहिली. बाटल्या, झाकणे आणि मजुरीचे पैसे एप्रिल-मेमध्ये एकरकमी जातात आणि परत येतात ते गणपती, दिवाळी असे तुकड्यांनी. आम्ही पहिल्या वर्षी सगळा रस एकाच आकारात भरला आणि पैसे अडकले. आता अर्धा माल जूनमध्येच, मुंबईहून गावी आलेले चाकरमानी परत जाताना देऊन टाकतो. तो पंधरा दिवसांत संपवायचा असतो, त्यामुळे पेच कमी. वर्षभर ठेवायचा माल वेगळा, जास्त काळजीने केलेला आणि आकाराने लहान, पाव किलोचा. एकदा उघडलेला रस फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच चांगला राहतो, म्हणून लहान बाटलीवर गिऱ्हाईक खूश असते.

आणखी एक सवय लावून घ्या. भरलेल्या बाटल्यांवर लगेच लेबल लावू नका. पंधरा दिवस त्या तशाच, घरातल्या उबदार खोलीत ठेवा. मग प्रत्येक झाकणावर चमच्याच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. पोकळी धरलेल्या झाकणाचा आवाज खणखणीत येतो, सैल झाकणाचा बोदा. बोटाने दाबून मधला भाग आत-बाहेर होत असेल तर ती बाटली बाजूला काढा. लेबलवर बॅच क्रमांक आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक असतो, त्याला तारीख जोडून कोणत्या टोपाची कोणती बाटली हे वहीत लिहा. दुकानदारही नोंदणीचा क्रमांक बघितल्याशिवाय माल घेत नाही.

नलिनी_गुहागर

माझ्या पोळीला कोणी उत्तर दिले नाही.

दापोलीचा_विद्यार्थी

नलिनीताई, राहूनच गेले, क्षमस्व. रसाचा उपाय पोळीला चालणार नाही. पोळी टिकते ती तिच्यात पाणी कमी असते म्हणून. भाद्रपदात ती चिकट होते कारण साखर हवेतला ओलावा ओढून घेते. पोळी पूर्ण वाळल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी, तुकडे करून बटर पेपरमध्ये आणि वर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करावी. डबा कितीही घट्ट असला तरी रोज उघडला जात असेल तर उपयोग नाही. म्हणून विक्रीच्या पाकिटाइतकेच तुकडे आधी बांधून ठेवावेत. तपकिरी रंगाचे कारण मुख्यत: ऊब आणि वेळ. आमच्याकडे काही लोक वाळवणीपूर्वी रसात थोडे केएमएस घालतात, त्याने रंग टिकतो, पण लेबलवर लिहावे लागते. न घालता टिकवायचा असेल तर थंड, काळोख्या जागी ठेवणे एवढेच हाती आहे आणि तरी थोडा फरक पडतोच. एक मात्र सांगतो, शेवटच्या थरात बोट दाबून चिकटत नसेल तरच गुंडाळा. वरचा थर वाळला आणि आतला ओला राहिला तर बुरशी मधून येते आणि ती कापल्याशिवाय दिसत नाही.

विलास_कुडाळ

कोकमाचे एक विचारतो. सालींवर साखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवायची, अशी पद्धत आईकडून चालत आली आहे. साल एक भाग, साखर दोन भाग. पण काही जण म्हणतात की उन्हाने रंग जातो, बरणी सावलीत ठेवावी. यंदा पाऊस लवकर आला आणि भिजलेल्या कोकमाचे सिरप श्रावणात आंबून झाकण उडाले, मग ऊन बरे की सावली?

स्मिता_बचतगट

ते आंबणे उन्हासावलीचे नसावे. भिजलेल्या फळात पाणी जास्त असते, त्यामुळे तेवढ्याच साखरेत सिरप पातळ होते. आम्ही गाळल्यावर साखर शेकडा किती ते रिफ्रॅक्टोमीटरने पाहतो. पासष्टच्या खाली वाचन आले तर साखर आणखी विरघळवतो. त्याच्या वर असेल तर यीस्टला जगायला पाणी मिळत नाही. ऊन-सावलीचे मात्र मलाही ठरवता आलेले नाही. आम्ही अर्ध्या बरण्या उन्हात आणि अर्ध्या फडके बांधून सावलीत ठेवून पाहिल्या. उन्हातल्यांना रस लवकर सुटला, सावलीतल्यांचा रंग थोडा गडद वाटला. पण फळ एकाच झाडाचे नव्हते, त्यामुळे खात्रीने सांगत नाही.

दापोलीचा_विद्यार्थी

कोकमाच्या लाल रंगाला ऊब आणि उजेड दोन्ही नको असतात. पण साखरेने सालीतून रस ओढण्याचा वेग उबेने वाढतो. मी स्वतः पहिले दोन दिवस ऊन आणि मग सावली अशी पद्धत वापरतो. भरल्यावर मात्र काचेची बाटली दुकानाच्या उजेडातल्या फळीवर महिनोन्महिने ठेवू नये. आणि लोखंडी, ॲल्युमिनियम कशातही कोकम ठेवू नका. स्टील, काच किंवा चिनी मातीच.

सुधीर_खेड

बागायतदार, एक राहिले. गेल्या वर्षीच्या फुगलेल्या बाटल्यांची काच पुन्हा वापरणार आहात का? आणि झाकणे?

राजापूरचा_बागायतदार

काच धुऊन वापरण्याचा विचार आहे. झाकणे मात्र नवीच घेईन. जुन्यांची आतली पट्टी एकदा दाबली गेली की पुन्हा नीट बसत नाही, हे पोचा पडलेल्या बाटलीवरून कळले.

यंदा ठरवले आहे ते असे. तीन टोपांचा रस बाजूला ठेवीन. एक जुन्या पद्धतीने, एक टोप आचेवर ठेवून गरम बाटल्यांत, आणि एक त्यावर अर्धा तास हंड्यात. तिन्हींचा पीएच आधी मोजून, झाकणांवर मार्करने भरण्याचा क्रमांक लिहून ठेवीन आणि आश्विनात येथे कळवीन. रायवळ मिसळायचा की सायट्रिक ॲसिड घालायचे, याचा निर्णय मात्र घरात अजून झालेला नाही. आमच्या वडिलांचे म्हणणे आहे की हापूसच्या बाटलीत हापूसच हवा, आणि आईचे म्हणणे आहे की आंबट झालेला हापूस कोणी विकत घेणार नाही.

मधुकर_पुणे

दोघांची चव बघायला मी येतो. बाटली सांभाळून आणा, एसटीत उलटी ठेवू नका.

दापोलीचा_विद्यार्थी

जुन्या पद्धतीचा टोप विकायला ठेवू नका, फक्त बघण्यासाठी ठेवा. आणि त्यातली एखादी बाटली फुगली तर चाखून बघू नका, ओतून टाका.